८५ टक्क्यांचा सौदा, मग स्टॉपलॉस इतक्या वेळा का लागतो?

वाचकाचं पत्र

गेली दोन वर्षं मी वेगवेगळ्या शेअरचे दूरचे कॉल विकते. ‘एक्स्पायरीला स्ट्राइकच्या खाली राहण्याची शक्यता ८५ टक्के’ असं स्क्रीनवर दिसलं की विकायचा, आणि शेअर स्ट्राइकला टच झाला की परत घेऊन बाहेर पडायचं, हा माझा नियम. आतापर्यंत ४० सौदे झाले. शंभरात १५ धरले तर स्टॉपलॉस ६ वेळा लागायला हवा होता, लागला १३ वेळा. त्यातल्या ७ वेळा तर शेअर एक्स्पायरीला पुन्हा स्ट्राइकच्या खाली येऊन बसला. आकडा खोटा आहे, की कुणी आमचे स्टॉपलॉस उडवायलाच भाव वर नेतं? स्टॉपलॉस काढूनच टाकू का?

उत्तर

आकडा खोटा नाही, आणि याचा पुरावा तुमच्याच वहीत आहे. १३ मधून ७ वजा केले की उरतात ६. म्हणजे ४० पैकी ६ सौद्यांत शेअर शेवटच्या दिवशी स्ट्राइकच्या वर होता. शंभरात १५. स्क्रीनने जे सांगितलं तेच घडलं. फक्त स्क्रीन एका प्रश्नाचं उत्तर देत होती आणि तुमचा स्टॉपलॉस दुसराच प्रश्न विचारत होता.

स्क्रीनचा प्रश्न आहे: शेवटच्या दिवशी, शेवटच्या क्षणी, भाव स्ट्राइकच्या वर असेल का? मधल्या तीस दिवसांत काय झालं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. स्टॉपलॉसचा प्रश्न आहे: या तीस दिवसांत एकदा तरी, एका मिनिटासाठी का होईना, भाव तिथे पोचेल का? शेवटी वर असायचं तर वाटेत स्ट्राइक ओलांडावीच लागते, म्हणून पहिल्या गटातला प्रत्येक सौदा दुसऱ्या गटात येतोच. उलट मात्र खरं नाही. वर जाऊन परत आलेले तुमचे ७ सौदे फक्त दुसऱ्या गटात आहेत. दुसरा आकडा मोठा असणार हे उघड आहे. तो जवळजवळ दुप्पटच का येतो, हे समजून घेण्यासारखं आहे.

पुढच्या वेळी टच झाला की बाहेर पडण्याआधी ऑप्शन चेनवर त्या स्ट्राइकचा डेल्टा बघा, म्हणजे शेअर एक अंक हलला तर कॉलचा भाव किती हलेल तो आकडा. तुम्ही विकला तेव्हा तो ०.१६ च्या आसपास असेल. आता तो ०.५० किंवा त्याहून किंचित जास्त दिसेल. तुमचा दूरचा कॉल आता अगदी भावावरचा कॉल झालेला असतो. भाव बरोबर स्ट्राइकवर उभा आहे, इथून वर संपेल की खाली, हे जवळजवळ नाणेफेकीसारखं आहे. आता मागून मोजा. जितक्या वेळा टच झाला, त्यातल्या निम्म्या वेळा शेवट वर, निम्म्या वेळा खाली. वर संपण्याची शक्यता टचच्या निम्मी, म्हणजेच टचची शक्यता वर संपण्याच्या दुप्पट. तुमचे १३ टच ६ आणि ७ मध्ये विभागले गेले, ते यामुळेच.

हे नाण्यावर अगदी चोख दिसतं. नाणं तीनदा उडवा; छापा आला की एक पाऊल वर, काटा आला की एक पाऊल खाली. ‘स्ट्राइक’ दोन पावलांवर ठेवा. तीन फेकांचे एकूण ८ प्रकार होतात. शेवटी दोनच्या वर एकच प्रकार संपतो: छापा, छापा, छापा. पण दोनला शिवणारे प्रकार दोन आहेत: हा एक, आणि छापा, छापा, काटा. दुसरा दोनवर गेला आणि एकवर येऊन थांबला. आठात एक आणि आठात दोन, बरोबर दुप्पट.

पाच वेळा उडवलं तर ३२ प्रकारांपैकी ६ शेवटी वर संपतात आणि १२ दोनला शिवतात. इथे दुप्पट कशी होते ते जोडी लावून पाहता येतं. छापा, छापा, काटा, काटा, छापा हा मार्ग घ्या. दोन फेकांत तो दोनवर पोचला, मग शेवटी एकवर थांबला, म्हणजे खाली. आता पहिल्यांदा दोनला शिवल्यानंतरच्या सगळ्या फेका उलटवा: छापा, छापा, छापा, छापा, काटा. हा तीनवर संपतो, म्हणजे वर. शिवून खाली आलेल्या प्रत्येक मार्गाला असा शिवून वर गेलेला एकच जोडीदार मिळतो, जणू स्ट्राइकवर आरसा आडवा ठेवलाय. नाणं दोन्ही बाजूंना सारखं असल्याने जोडीतल्या दोघांची शक्यताही सारखी. गणितात याला परावर्तनाचं तत्त्व म्हणतात. बाजारभावांच्या बाबतीत ते नवंही नाही. लुई बाशेलिये या फ्रेंच गणितज्ञाने १९०० साली पॅरिसमध्ये सट्ट्याच्या गणितावर प्रबंध सादर केला, त्यात एखादा भाव मुदतीत कधीतरी गाठला जाण्याची शक्यता मुदतीअखेर ओलांडलेला असण्याच्या दुप्पट येते हे त्याने दाखवलेलं आहे.

आता तुमच्यासारखाच एक सौदा आकड्यांत मांडतो. शेअर १००० वर आहे, एक्स्पायरीला ३० दिवस आहेत, बाजार वर्षाला २० टक्के चढ-उतार धरून चाललाय, आणि तुम्ही १०६० चा कॉल विकता. व्याज सोयीसाठी शून्य धरू. नेहमीच्या ब्लॅक-शोल्स हिशोबाने कॉलची किंमत येते ४.८ अंक आणि डेल्टा ०.१६. शेवटी १०६० च्या वर असण्याची शक्यता १४.८ टक्के, तुमचे ‘८५ टक्के’ ते हेच. आणि मधे कधीतरी १०६० ला टच होण्याची शक्यता ३० टक्के. ४० सौद्यांत टच अपेक्षित होते १२, तुमचे झाले १३. टचची शक्यता खरोखर १५ टक्के असती तर ४० पैकी १३ वेळा लागणं फारच दुर्मीळ ठरलं असतं, तेव्हा तुम्हाला संशय येणं रास्तच होतं. पण मोजायला घेतलेली अपेक्षाच निम्मी होती.

म्हणून स्टॉपलॉस उडवणाऱ्यांचा विषय इथे बाजूला ठेवू. पातळ उलाढालीच्या शेअरमध्ये असे झटके कधीच येत नाहीत असं मी म्हणणार नाही, पण तुमच्या १३ टचमध्ये त्यांच्यासाठी जागाच उरत नाही. निव्वळ नाणेफेक केली असती तरी एवढेच टच झाले असते. आणि ‘मला बाहेर काढलं आणि भाव परत आला’ हा अनुभव निम्म्या वेळा येणारच. तो टचच्या व्याख्येतच बसलाय. मीही पूर्वी अशा परतलेल्या सौद्यांची वेगळी यादी करायचो आणि ती वाचून चिडायचो. वरच निघून गेलेल्यांची यादी कधी केली नाही.

आता तुमच्या पत्राखाली दडलेला खरा प्रश्न. तुम्ही धरून चालला आहात की स्टॉपलॉस तुमचं नुकसान करतोय, कारण ८५ टक्क्यांचा सौदा तो ७० टक्क्यांवर आणतो. आणतो हे खरं. पण नुकसान करतो का?

वरचाच सौदा घ्या. तुम्हाला ४.८ अंक मिळाले. एक्स्पायरीपर्यंत धरून ठेवलात तर शंभरातल्या ८५ वेळा ते पूर्ण तुमचे. उरलेल्या १५ वेळा शेअर १०६० च्या वर संपतो, आणि तेव्हा सरासरी ३२ अंक चुकवावे लागतात. हा ३२ आला कुठून? भाव योग्य लावलेला असेल तर विकताना मिळालेली रक्कम ही चुकवायच्या रकमेची सरासरी असते, ४.८ ला ०.१४८ ने भागलं की ३२ येतात. आता टचला बाहेर पडायचं ठरवलंत तर शंभरातल्या ३० वेळा कॉल परत विकत घ्यावा लागतो. तोच न्याय लावा: ४.८ भागिले ०.३०, म्हणजे सरासरी १६ अंक.

म्हणजे टचवरच्या स्टॉपलॉसने तुमचा फटका दुप्पट वेळा बसतो आणि निम्म्या आकाराचा बसतो. सरासरी दोन्हीकडे एकच. परतलेल्या ७ सौद्यांत जे गेलं, ते वर निघून गेलेल्या ६ सौद्यांत वाचलेलं असतं. ते वाचलेलं मात्र डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मनात हिशोब एकतर्फी होतो.

१६ ही सरासरी आहे, प्रत्यक्षात टच कधी झाला त्यावर बरंच अवलंबून आहे. चढ-उतार तोच राहिला तर २० दिवस बाकी असताना १०६० वर उभ्या शेअरचा १०६० चा कॉल सुमारे २० अंकांना मिळेल. तुमचा तोटा १५. दहा दिवस बाकी असतील तर तो १४ ला, आणि तीनच दिवस उरले असतील तर ७.७ ला. त्यामुळे स्टॉपलॉस तोच असला तरी पहिल्या दहा दिवसांत लागला तर मिळालेल्या प्रीमियमच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त तोटा, शेवटच्या तीन-चार दिवसांत लागला तर प्रीमियमहून कमी. ‘टचला माझा तोटा ठरलेला आहे’ असं कुणी मनाशी धरलं असेल तर तसं नसतं.

मग स्टॉपलॉस काढायचा का? माझं मत: ८५ टक्के पुन्हा दिसावेत एवढ्यासाठी काढू नका. तो काढल्याने सौदा चांगला होत नाही, फक्त फटके कमी आणि मोठे होतात. एका सौद्यात ३२ अंकांचा सरासरी फटका, आणि कधी त्याच्या दुपटीचा, तुमचं भांडवल सहज सोसत असेल, तर धरून ठेवण्यात गैर काही नाही. सोसत नसेल, तर ७० टक्के यश हाच तुमचा खरा आकडा आहे आणि सौद्याचा आकार त्यावरून ठरवायला हवा. ८५ धरून आकार ठरवायचा आणि ७० वर खेळायचं, गफलत तिथे होते.

तुम्हाला खरोखर १५ टक्क्यांपेक्षा जास्त वेळा स्टॉपलॉस लागलेला नकोच असेल, तर स्ट्राइक मागे न्यावी लागेल. आपल्या उदाहरणात टचची शक्यता १५ टक्के येते ती १०८५ च्या स्ट्राइकला. शेवटी वर असण्याची शक्यता तिथे ७ टक्क्यांच्या थोडी वर आहे आणि प्रीमियम फक्त २.१ अंक, आधीच्या निम्म्याहूनही कमी. मनःशांतीची ही किंमत आहे आणि ती फुकट मिळत नाही. मात्र प्रीमियम इतका लहान झाला की दलाली आणि खरेदी-विक्रीच्या भावातलं अंतर त्यातला मोठा वाटा खातं, हे आधी तपासा.

तिसरा मार्ग मला तुमच्यासाठी जास्त पटतो: १०६० विकताना आणखी वरचा एखादा कॉल विकत घ्यायचा. प्रीमियम थोडा कमी होतो, पण मोठ्यात मोठा तोटा पहिल्याच दिवशी ठरतो आणि टचला घाईघाईने बाहेर पडायची गरज उरत नाही. शिवाय स्टॉपलॉस ज्या दिवशी उपयोगी पडत नाही, त्या दिवशी हा उपयोगी पडतो. रात्रीतून बातमी आली आणि १०४० वर बंद झालेला शेअर सकाळी १०९० वर उघडला, तर १०६० चा स्टॉपलॉस १०९० वरच लागेल.

दुपटीचा नियम ढिला पडतो तोही इथेच. जोडी लावण्याचा सगळा डोलारा ‘भाव बरोबर स्ट्राइकवर उभा आहे’ यावर होता. उडी मारून भाव स्ट्राइकच्या बराच वर गेला तर परत खाली संपण्याची शक्यता निम्म्याहून कमी असते, आणि गुणोत्तर दोनच्या खाली येतं. निकालांच्या आसपासच्या शेअरमध्ये हे जास्त दिसेल. सलग वरच चाललेल्या शेअरच्या कॉलमध्येही तसंच, कारण टचनंतरही कल वरचाच राहतो. उलट एका पट्ट्यात घुटमळणाऱ्या शेअरमध्ये भाव टोकाला शिवून परततो, तिथे दुपटीहून जास्त टच मिळतील.

मोजण्याची पद्धतही आकडा बदलते. दिवसातला उच्चांक न पाहता फक्त रोजचा बंद भाव पाहिलात, तर आपल्या उदाहरणातली टचची शक्यता ३० वरून सुमारे २४ टक्क्यांवर येते, कारण दुपारी वर जाऊन संध्याकाळी परतलेले दिवस गळतात. काहीजण म्हणूनच ‘बंद भाव स्ट्राइकच्या वर गेला तरच बाहेर’ असा नियम ठेवतात. त्यांना स्टॉपलॉस कमी वेळा लागतो, पण लागतो तेव्हा भाव स्ट्राइकच्या बराच पुढे गेलेला असतो. दुप्पट वेळा आणि निम्मा फटका, हाच सौदा इथे उलट्या बाजूने.

स्क्रीनवर टचची शक्यता वेगळी दाखवत नसतील तर डेल्टाची दुप्पट करा, कामापुरतं चालतं. ०.१६ चे ३२ टक्के होतात, खरे ३० होते. पुटला ही चूक उलट्या दिशेने होते: आपल्याच शेअरच्या ९४० च्या पुटचा डेल्टा ०.१३ आहे, दुप्पट केली तर साधारण २७ येतात, प्रत्यक्षात टचची शक्यता २९ आहे. भावाजवळच्या स्ट्राइकला मात्र दुप्पट करू नका, डेल्टा ०.५५ असेल तर ११० टक्के येतील, आणि त्या स्ट्राइकच्या पलीकडे भाव आधीच असतो.

हे वाचणाऱ्यांत दोन्ही बाजू एकदम विकणारे बरेच असतील, म्हणून एक गोष्ट त्यांच्यासाठी. १०६० चा कॉल आणि ९४० चा पुट, दोन्ही विकले, तर शेवटी दोहोंपैकी एकाच्या पलीकडे असण्याची शक्यता सुमारे ३० टक्के. पण महिन्याभरात दोहोंपैकी एकाला तरी टच होण्याची शक्यता ५८ टक्क्यांच्या वर आहे. एकाच महिन्यात दोन्हींना टच होणं इतकं क्वचित घडतं की दोन आकडे जवळजवळ सरळ बेरीज होऊनच येतात. म्हणजे ‘७० टक्के यशाचा’ सौदा निम्म्याहून जास्त वेळा कधी ना कधी एका बाजूने पेटलेला दिसणार. आणि ‘प्रीमियम दुप्पट झाला की कट’ हा लोकप्रिय नियम एका कॉलवर लावला तरी तो जवळजवळ निम्म्या वेळा लागतो. योग्य भावाचा ४.८ चा कॉल ९.६ वर आधी जाईल की शून्यावर, ही जवळपास समसमान पैज आहे. स्ट्राइक कितीही दूर निवडली तरी त्यात फारसा फरक पडत नाही.

आता तुमच्या वहीतलं एक काम. १३ टचना कॉल परत घेताना एकूण किती अंक मोजले, त्यांची बेरीज करा. मग त्यातल्या ज्या ६ सौद्यांत शेअर वर संपला, ते धरून ठेवले असते तर एक्स्पायरीला एकूण किती चुकवावे लागले असते, तीही करा. हिशोबाने दोन्ही बेरजा साधारण सारख्या याव्यात. ४० सौद्यांत नशिबाची बरीच तफावत असते, म्हणून थोड्या फरकावर जाऊ नका. पण पहिली बेरीज दुसरीच्या दीडपट-दुप्पट निघाली, तर टचच्या मिनिटाला तुमची ऑर्डर नेमकी कोणत्या भावाला भरली गेली ते १३ ही वेळा तपासा. घाईत मार्केट ऑर्डर टाकली असेल तर गळती तिथे सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे.